एका पानावर दोनच ओळी

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या साहित्य-संध्येत केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडी काटछाट करून)



रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या इन्स्टाग्रामवर पाच द्विपदींची एक मालिका टाकली होती. ओळी माझ्या होत्या, आणि पानं तयार केली होती सी विंगमधल्या आपल्या एका कॉलेजकन्येने. ती मालिका पाहून खाली कट्ट्यावर मला दोन प्रश्न वारंवार विचारले गेले. पहिला, "हे सरकवायचं प्रकरण नेमकं काय आहे?" आणि दुसरा, "काका, एवढी जागा कोरी का सोडली? सगळी कविता एका पानावर मावली असती की!" आज या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. पण पहिल्याचं दिल्याशिवाय दुसऱ्याचं देता येत नाही.

इन्स्टाग्रामवर एका वेळी एकाहून जास्त चित्रं टाकता येतात. हल्ली वीसपर्यंत टाकता येतात. बघणाऱ्याला आधी एकच चित्र दिसतं. बोटाने डावीकडे सरकवलं की दुसरं येतं, मग तिसरं. याला कॅरोसेल म्हणतात. जत्रेत लाकडी घोड्यांचं जे गोल चक्र असतं, त्याचं हे इंग्रजी नाव. आपल्यासमोरून एकेक घोडा जातो तशी एकेक चित्रं जातात. कवितेच्या बाबतीत प्रत्येक चित्र म्हणजे एक पान, आणि एका पानावर एकच द्विपदी, म्हणजे दोनच ओळी.

आता कविता लोकांपर्यंत कशी पोहोचते याचे आजवरचे दोन मार्ग बघा. पुस्तकात कविता छापली की वाचणारा मालक. त्याने शेवटची ओळ आधी वाचली तरी कवी काही करू शकत नाही. याउलट मुशायऱ्यात कवी मालक. गझल सादर करणारा शायर शेराची पहिली ओळ म्हणतो आणि थांबतो. बहुतेक वेळा तीच ओळ पुन्हा म्हणतो. तोपर्यंत समोरची माणसं दुसरी ओळ काय असेल याचा मनात अंदाज बांधू लागतात. तो अंदाज बांधून झाला, की मग दुसरी ओळ येते आणि टाळी पडते. या पहिल्या ओळीला उला मिसरा म्हणतात, दुसरीला सानी मिसरा. पहिली ओळ प्रश्न उभा करते, दुसरी त्याचा निकाल लावते. शेराची सगळी गंमत या दोन ओळींमधल्या थांबण्यात आहे. ते थांबणं काढून टाकलं तर उरतं एक साधं वाक्य.

कॅरोसेल या दोहोंच्या मध्ये येतं. पुढचं पान कधी आणायचं हे वाचणाऱ्याच्या अंगठ्याच्या हातात असतं, पण पुढच्या पानावर काय आहे ते त्याला आधी दिसत नाही. म्हणजे दोन शेरांमधला थांबा आपोआप मिळतो. पण एकाच शेराच्या दोन ओळींमधला थांबा मिळत नाही, कारण पान उघडताक्षणी दोन्ही ओळी एकदम डोळ्यांसमोर येतात. तिथे शायराचा आवाज नाही, पुन्हा म्हणणं नाही. मग तो थांबा आणायचा कुठून? तो कोऱ्या जागेतून आणावा लागतो. आमच्या बँकेच्या लेजरमध्ये रिकामा रकाना बघून नवीन कारकून म्हणायचे, साहेब, कागद वाया जातोय. तो रकाना नसता तर जमा आणि नावे एकमेकांत मिसळले असते. इथेही तसंच आहे.

आता प्रत्यक्ष काय केलं ते सांगतो. आधी द्विपदी ऐका, म्हणजे पुढचं समजेल. गझलेच्या धर्तीवर आहेत, प्रत्येकीच्या शेवटी 'तशीच आहे' हे शब्द येतात. त्याला रदीफ म्हणतात. त्याच्या आधीचा शब्द दर वेळी बदलतो आणि 'ई'ने संपतो, तो काफिया. ओळीत अठ्ठावीस मात्रा आहेत: आठ, आठ, आठ आणि चार.

नाव पुसटले, पण दाराची पाटी तशीच आहे
उघडत नाही कुणी तरीही घंटी तशीच आहे

पोरे गेली देशोदेशी, कुलूप दारावरती
शेजाऱ्याच्या खिळ्यावरी ती किल्ली तशीच आहे

खीर घेउनी आल्या होत्या काकू समोरच्या त्या
परत द्यायची राहुन गेली वाटी तशीच आहे

गप्पा रंगत होत्या जेथे चौघे बसून रात्री
तिघे उठूनी गेले, चौथी खुर्ची तशीच आहे

आम्ही चढलो पहिल्या दिवशी, नातू चढती आता
पतंग त्यांचे, वारा त्यांचा, गच्ची तशीच आहे

गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, एकट्याने उभा राहू शकतो. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी'त नव्या कवींना गझलेचे नियम समजावून दिले, त्यात या स्वतंत्रपणाला मोठं स्थान आहे. कॅरोसेलला गझल सोयीची पडते ती याच कारणाने. लोक एखादंच पान स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवतात. त्या पानावर अर्धं वाक्य असेल तर पाठवलेल्या माणसाला काही कळत नाही. एखाद्या लांब कवितेचे तुकडे करून पानांवर टाकले की हेच होतं.

मग कुणी म्हणेल, थांबाच हवा आहे तर पहिली ओळ एका पानावर आणि दुसरी पुढच्या पानावर टाकावी. ही कल्पना आमच्या मुलीलाही सुचली होती. थांबा मिळतो, हे खरं. पण मग कुलूप एका पानावर राहतं आणि किल्ली दुसऱ्यावर. कुणी फक्त दुसरं पान पुढे पाठवलं तर 'शेजाऱ्याच्या खिळ्यावरी ती किल्ली' कसली, कुणाची, हे कोणालाच कळणार नाही. म्हणून ठरवलं, की दोन ओळी एकाच पानावर राहतील आणि थांबा पानाच्या आतच करायचा.

पानाचा आकार घेतला १०८० बाय १३५०. हे आकडे पिक्सेलचे, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांचे. पान रुंदीपेक्षा थोडं उंच आहे. इथे एक लक्षात ठेवायचं. पहिल्या चित्राचा जो आकार ठरतो त्याच आकारात पुढची सगळी चित्रं कापली जातात. एक पान चौकोनी आणि दुसरं उभं असं केलं तर कुठेतरी अक्षर कापलं जाणार. म्हणून सगळी पानं एकाच मापाची.

त्यानंतर अक्षराचा आकार. पहिल्या प्रयत्नात मुलीने प्रत्येक ओळ एका रांगेत बसवली होती. अठ्ठावीस मात्रांची ओळ एका रांगेत बसवायची तर अक्षर साधारण ५४ पिक्सेलचं ठेवावं लागतं. कॉम्प्युटरवर ते छान मोठं दिसतं. पण फोनचा पडदा सुमारे सात सेंटिमीटर रुंद. त्या सात सेंटिमीटरमध्ये १०८० पिक्सेल बसवले, की ५४ पिक्सेलच्या अक्षराला मात्रा-वेलांट्यांसकट साडेतीन मिलिमीटर उभी जागा मिळते. म्हणजे साधारण वर्तमानपत्राचा टाइप. आमच्या वयाच्या माणसाने चष्मा शोधेपर्यंत अंगठा पुढे गेलेला असतो.

अक्षर मोठं केलं की ओळ मोडते, आणि ती आपल्या मनाने कुठेही मोडते. एका नमुन्यात 'खुर्ची तशीच' वर राहिलं आणि एकटं 'आहे' खालच्या रांगेत जाऊन पडलं. शेवटी जिथे ठोका पडायचा तिथे एक लोंबता शब्द. तेव्हा आम्ही ओळ मुद्दाम मोडायची ठरवली, पण योग्य जागी. ही ओळ म्हणताना सोळा मात्रांवर, म्हणजे आठ-आठ झाल्यावर, श्वास आपोआप थांबतो. तिथेच मोडलं, की डोळ्याचा थांबा आणि कानाचा थांबा एकाच ठिकाणी येतो. असं केल्यावर अक्षर ८० पिक्सेलपर्यंत वाढवता आलं, आणि फोनवर पाच मिलिमीटरच्या वर गेलं. पान असं झालं:

गप्पा रंगत होत्या जेथे
चौघे बसून रात्री



तिघे उठूनी गेले, चौथी
खुर्ची तशीच आहे

मधली जागा बघा. 'जेथे' आणि 'चौघे' या रांगांत अंतर १२० पिक्सेल, म्हणजे अक्षराच्या दीडपट. देवनागरीत हे किमान हवंच, कारण वरच्या रांगेचे उकार आणि खालच्या रांगेच्या मात्रा-रफार एकमेकांना भिडतात. इंग्रजीला चालणारं अंतर आपल्याला पुरत नाही. पण 'रात्री' आणि 'तिघे' यांच्यात अंतर ठेवलं ३०० पिक्सेल, म्हणजे अडीचपट. या फरकाचं काम असं, की एक ओळ कुठे संपली हे वाचणाऱ्याला न सांगता कळतं. छोटं अंतर म्हणजे श्वास, मोठं अंतर म्हणजे शायराचं थांबणं.

हे मोठं अंतर किती असावं, याला माझ्या मते दोन्हीकडून मर्यादा आहे. २०० करून पाहिलं, तर चारी रांगा एकाच परिच्छेदासारख्या सलग वाचल्या गेल्या. ५०० करून पाहिलं, तर वरचं आणि खालचं दोन वेगळ्या सूचना वाटू लागल्या, जशा आपल्या नोटिस बोर्डावर असतात: वर पाण्याच्या टाकीची, खाली वार्षिक सभेची. तीनशेवर दोन्ही ओळी एकमेकींच्या राहिल्या आणि मध्ये थांबाही मिळाला.

पानाच्या वरच्या बाजूपेक्षा खालच्या बाजूला जास्त जागा सोडली. शेवटच्या शब्दानंतर नजरेला थांबायला जागा हवी. 'तशीच आहे' पानाच्या अगदी तळाला चिकटलं असतं, तर वाचणारा ते संपलं म्हणून लगेच पुढे सरकला असता. वर उजव्या कोपऱ्यात काहीच ठेवलं नाही, कारण तिथे इन्स्टाग्राम स्वतः '2/7' असा पानाचा आकडा थोडा वेळ दाखवतं. मुलीने आधी तिथे सोसायटीचं बोधचिन्ह बसवलं होतं, त्यावर तो आकडा येऊन बसला. तिने गुलाबाची महिरपही काढली होती, ती सुरेख होती. तिला म्हटलं, "बाळ, ही महिरप तू रांगोळीला ठेव." ती म्हणाली, "पण आजोबा, नाहीतर पान रिकामं दिसतंय." मी म्हटलं, "खुर्चीही रिकामीच आहे ना?" तिने ती महिरप स्वतःच काढून टाकली.

आणखी एक गोष्ट तिने सुचवली, आणि मला ती फार आवडली. प्रत्येक पानावर शेवटची रांग तिने उजव्या कडेला धरून बसवली. त्यामुळे पान सरकवलं तरी 'तशीच आहे' हे शब्द पडद्यावर नेमके त्याच जागी दिसतात. त्याच्या अलीकडचा शब्द तेवढा बदलतो: घंटी, किल्ली, वाटी, खुर्ची, गच्ची. माणसं बदलली आणि वस्तू जागच्या जागी राहिली, हे ओळींतून मी सांगितलं होतं. तेच तिने जागेतून दाखवलं.

आता अक्षरांबद्दल थोडं. आपल्या रदीफात 'श' आहे, म्हणजे प्रत्येक पानावर तो येणार. बऱ्याच फॉन्टमध्ये 'श' आणि 'ल' हिंदी वळणाचे येतात. मराठी माणसाला शाळेत शिकलेला मराठी वळणाचा 'श' हवा असतो. नेमकं काय खटकलं ते त्याला सांगता येत नाही, पण नजर क्षणभर अडखळते, आणि तीही शेराच्या शेवटच्या टप्प्यावर. म्हणून Tiro Devanagari Marathi हा फॉन्ट घेतला. तो मोफत मिळतो आणि त्यात ही अक्षरं मराठी वळणाची आहेत. दुसरी अडचण 'शेजाऱ्याच्या' या शब्दाची. काही ठिकाणी 'ऱ्या' नीट उमटत नाही, 'र्या' असा रफार होऊन 'शेजार्याच्या' दिसतं. म्हणून पान तयार झालं की 'ऱ्या'वर बोट ठेवून तपासायचं. तिसरी अडचण फोनच्या शुद्धलेखनाची. फोन 'घेउनी'चं 'घेऊनी' आणि 'राहुन'चं 'राहून' करतो. शुद्धलेखनाला ते बरोबर असेल, पण एक मात्रा वाढते आणि ओळ म्हणताना पाय अडकतो. वृत्तासाठी तो उकार ऱ्हस्वच हवा.

रंगाचंही सांगतो. कोरी जागा पांढरीच हवी असं नाही. रात्री दिवा मालवून फोन बघणाऱ्यांच्या डोळ्यांवर शुभ्र पांढरा रंग येतो, आणि मग माणूस डोळे मिटून पुढे सरकतो. आम्ही जुन्या पासबुकाच्या कागदासारखा फिकट बदामी घेतला आणि अक्षर गडद तपकिरी. सगळ्या पानांना एकच रंग. प्रत्येक पानाला वेगळा रंग दिला, की वाचणारा ओळीऐवजी रंग बघतो.

आता क्रम. यात मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पहिलं पान नावाचं: फक्त 'तशीच आहे' हे शब्द, खाली उजवीकडे, पुढे जिथे येणार त्याच जागी. दुसऱ्या पानावर पाटी आणि घंटीचा शेर. गझलेत पहिल्या शेराच्या दोन्ही ओळींत रदीफ येतो, त्याला मतला म्हणतात, आणि तो आधीच यावा लागतो. यात एक व्यवहाराची गोष्टही आहे. एखाद्याने पहिलं पान बघून सरकवलं नाही, तर इन्स्टाग्राम पुढच्या वेळी त्याला कधी कधी दुसरं पान समोर ठेवतं. म्हणजे दुसरं पान हेदेखील दारच आहे. तिथे दुबळा शेर ठेवून चालत नाही.

मुळात माझ्याकडे सहा शेर होते. सहावा असा:

संध्याकाळी दिवा लावुनी वाट पाहते कोणी
येणारा ना आला पण ती खिडकी तशीच आहे

हा गाळला. एकटा वाचला तर वाईट नाही. पण खिडकी आणि खुर्ची, दोघी एकाच गोष्टीची वाट बघतात: न आलेल्या माणसाची. दोन्ही लागोपाठ आल्या, की पहिली दुसरीचं वजन खाते. कागदावर हे चालून जातं, कारण वाचणारा एकूण कविता बघतो. सरकवताना मात्र प्रत्येक पानाकडून त्याला काहीतरी नवं हवं असतं. तेच पुन्हा आलं की अंगठ्याचा वेग वाढतो, आणि वाढलेला वेग पुढच्या चांगल्या पानावरही तसाच राहतो.

म्हणून किल्ली, मग वाटी, मग खुर्ची. किल्लीत विश्वास आहे, वाटीत थोडं हसू आणि थोडी हळहळ आहे. त्यानंतर खुर्ची. सगळ्यात जड शेर अगदी शेवटी ठेवला नाही. शेवटी गच्ची आणि पतंग. रौप्यमहोत्सवात मुलंही बघणार होती, आणि आपली सोसायटी काही फक्त गेलेल्यांची नाही.

पण खुर्चीवरून एकदम पतंगावर उडी मारणं मला पटत नव्हतं. मुशायऱ्यात अशा शेरानंतर शायर पाणी पितो. म्हणून मध्ये एक पूर्ण कोरं पान ठेवायचं ठरलं. ते करून चार जणांना दाखवलं. दोघांनी फोन हलवला, एकाने वाय-फाय बंद करून चालू केलं. त्यांना वाटलं चित्र उतरलंच नाही. कोरं पान मुद्दाम ठेवलेलं आहे हे कळायला काहीतरी खूण लागते. तेव्हा मुलीने सातही पानांवर खालच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटी आडवी रेघ दिली. सगळीकडे ती बघत आल्यामुळे, कोऱ्या पानावर फक्त रेघ दिसली की लोक समजतात, की इथे थांबायचं आहे. पण असं पान एका मालिकेत एकदाच. दुसऱ्यांदा ठेवलं तर ती युक्ती वाटते.

या खुर्चीच्या पानावरून समितीच्या बैठकीत चर्चा झाली, ती इथे सांगायला हरकत नाही. काही सदस्यांचं म्हणणं होतं, की या पंचवीस वर्षांत जे संस्थापक सभासद गेले त्यांची नावं आणि फोटो या पानावर द्यावेत. यामागची भावना अगदी योग्य होती. त्यांच्या घरच्यांना काय वाटेल हा प्रश्नही होता. मी एवढंच म्हटलं, की नावं आणि फोटो या स्मरणिकेत स्वतंत्र पानावर सन्मानाने द्या, त्यांची जागा तीच आहे. खुर्चीच्या पानावर चार फोटो आले तर ती त्या चौघांची खुर्ची होईल आणि पाचव्या घरातल्या माणसाला त्यात बसायला जागा उरणार नाही. मतदान वगैरे झालं नाही, बैठकीने ते मान्य केलं. मालिका गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या एका वहिनींनी मला लिफ्टमध्ये विचारलं, "भाऊजी, ही आमच्या ह्यांचीच खुर्ची ना?" मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात डी विंगमधल्या एका तरुणाने विचारलं, "काका, बाबांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंत का?" त्यालाही हो म्हटलं. दोन्ही उत्तरं खरी होती, आणि खरी राहिली ती पानावर कुणाचाच फोटो नव्हता म्हणून.

शेवटी तपासायचं कसं, ते सांगतो. आपण स्वतः शंभर वेळा वाचलेलं असतं, त्यामुळे आपला अंदाज कामाचा नाही. ज्याने अजून बघितलेलं नाही अशा माणसाच्या हातात फोन द्यायचा आणि तोंडाकडे न बघता अंगठ्याकडे बघायचं. अंगठा आधीच पडद्याच्या कडेवर तयार असेल तर माणूस वाचत नाही, पार करतोय. अंगठा पडद्यावरून उचलला गेला तर ओळ पोहोचली. सगळं झाल्यावर एकच प्रश्न विचारायचा: "कुठल्या कुठल्या वस्तू होत्या?" पहिल्या, महिरपीच्या नमुन्यानंतर एका काकांना गच्ची आणि गुलाब आठवले. गुलाब कवितेत नाहीच! शेवटच्या नमुन्यानंतर दुसऱ्या एका आजींनी बोटांवर पाचही वस्तू मोजून दाखवल्या, आणि वर म्हणाल्या, "माझ्याकडेही एक वाटी आहे."

एक सावधगिरीची सूचना आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी. हीच सात चित्रं ग्रुपवर एकदम पाठवली, की व्हॉट्सअॅप त्यांचा एक चौकोन करतं. चार चित्रं कापून शेजारी-शेजारी आणि चौथ्यावर उरलेल्यांचा आकडा. म्हणजे किल्ली, वाटी, पाटी सगळं एका नजरेत, आणि केलेला सगळा थांबा गेला. म्हणून ग्रुपवर लिंक पाठवावी. स्टेटसवर ठेवायची असतील तर लक्षात घ्या, की तिथे चित्र काही सेकंदांनी आपोआप पुढे जातं. हळू वाचणाऱ्याची दुसरी ओळ राहून जाते. बोट दाबून धरलं तर ते थांबतं, पण हे सगळ्यांना माहीत नसतं. शिवाय स्टेटसचं पान जास्त उंच असतं, तिथे मापं पुन्हा बसवावी लागतात. प्रत्येक ठिकाणी थांब्याचा मालक वेगळा आहे, आणि तो कोण हे बघून पान आखावं लागतं.

याची मर्यादाही आहे. हा प्रकार दोन ओळींच्या स्वतंत्र कवितेला मानवतो. ज्या कवितेत एक वाक्य दहा ओळी चालतं, तिला असं तोडू नये. ती सलग छापावी किंवा सरळ उभं राहून म्हणावी. आणि पानंही फार वाढवू नयेत. वीस पानांची परवानगी आहे म्हणून वीस शेर टाकले, तर बाराव्या शेराला वाचणारा कुणी उरत नाही. पाच शेरांना आम्हाला सात पानं लागली, आणि मला वाटतं तेवढी पुरे होती.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे दोन-दोन ओळी लिहिलेल्या पडून आहेत, त्यांनी त्या सी विंगमधल्या मुलीकडे द्याव्यात. ती परीक्षेनंतर मोकळी आहे. महिरप मागू नका, ती आता देणार नाही.